नोकरी गेल्यानंतरची लिंक्डइन पोस्ट: इतरांना आपल्यासाठी शब्द टाकता यावा म्हणून ती कशी लिहावी

गेल्या जून महिन्यात एका रात्री माझ्या मावसबहिणीने मला एक मसुदा पाठवला आणि खाली लिहिले, "ताई, हे उद्या सकाळी लिंक्डइनवर टाकते आहे, एकदा नजर घाल." ती डोंबिवलीला राहते. न्हावा शेवा बंदरातून माल आयात करणाऱ्या कंपन्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत तिने नऊ वर्षे काढली होती आणि त्याच दिवशी दुपारी तिच्या विभागातील सर्वांना जागा रद्द झाल्याचे पत्र मिळाले होते. मी मुंबईत नोकरभरतीचे काम करते आणि असे मसुदे माझ्यासमोर नेहमी येतात. तरी हा घरचा असल्यामुळे मी तो नेहमीपेक्षा सावकाश वाचला. मूळ इंग्रजी मजकुराचा मराठीत अर्थ असा होता:

"जड अंतःकरणाने कळवते की नऊ वर्षांच्या सुंदर प्रवासानंतर आज मी माझ्या कंपनीचा निरोप घेत आहे. कंपनीच्या पुनर्रचनेचा फटका मलाही बसला. या प्रवासात मला खूप शिकायला मिळाले, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. मी मेहनती, जबाबदार आणि झटपट शिकणारी आहे. कोणतीही संधी असल्यास कृपया कळवा. तुमची लहानशी मदतही या कठीण काळात माझ्या कुटुंबाला मोठा आधार ठरेल."

या मजकुरात खोटे काहीच नाही. मात्र तो वाचून झाल्यावर ती नेमके कोणते काम करते, तिला कुठे काम हवे आहे आणि ती कधीपासून येऊ शकते, या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. वाचणाऱ्याला तिच्याविषयी सहानुभूती वाटेल, तो खाली दोन शब्द लिहील आणि पुढे जाईल. तिला मदत करण्याची मनापासून इच्छा असलेल्या माणसालाही नेमके काय करावे हे त्यातून कळत नाही.

मराठीत आपण "शब्द टाकणे" म्हणतो. एखाद्याने आपल्यासाठी शब्द टाकायचा, तर त्याच्याकडे आधी तो शब्द असावा लागतो. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती आहेत. पोस्ट वाचणाऱ्याला तुमच्याविषयी एक वाक्य सहज पाठ व्हावे आणि ते त्याला संकोच न वाटता तिसऱ्या माणसाला सांगता यावे, एवढेच त्या पोस्टचे काम आहे.

लिहिण्यापूर्वी हातातील कागद वाचावेत

मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की उद्या सकाळी काहीही टाकू नकोस. पत्र मिळाल्यापासून निदान दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. मन शांत व्हावे हा त्यामागचा एक हेतू आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण कागदपत्रांचे आहे. कपात करताना कंपनी जो करार सहीसाठी देते, त्यात बहुधा गोपनीयतेचे कलम असते आणि अनेकदा कंपनीविषयी जाहीरपणे प्रतिकूल न बोलण्याची अटही असते. अखेरचा हिशेब आणि भरपाईची रक्कम याच कराराला जोडलेली असल्यामुळे, रागाच्या भरात लिहिलेल्या एका ओळीवरून ती रक्कम अडकू नये याची काळजी घेणे आपल्याच हिताचे असते.

त्या पत्रातून एक तारीख नक्की करून घ्यावी, ती म्हणजे नोकरीचा शेवटचा दिवस. काही कंपन्या कामावर येणे त्याच दिवशी थांबवतात, पण पगारपत्रकावरचे नाव नोटीस कालावधी संपेपर्यंत चालू ठेवतात. अशा वेळी आपण घरी बसलेले असलो तरी कागदोपत्री नोकरीतच असतो. त्या काळात दुसरीकडे रुजू झाल्यास भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दोन नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढतात आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत त्यावर प्रश्न निघतो. म्हणून पोस्टमध्ये "तात्काळ रुजू होऊ शकते" असे मोघम लिहिण्याऐवजी तारीख लिहावी. माझ्या बहिणीच्या बाबतीत ३० जून हा शेवटचा दिवस होता, त्यामुळे आम्ही "१ जुलैपासून" असे लिहिले.

ही तारीख तिची सर्वांत जमेची बाजू आहे, हे तिच्या लक्षातच आले नव्हते. आपल्याकडे अनेक कंपन्यांत नोटीस कालावधी ६० किंवा ९० दिवसांचा असतो. निवड झालेला उमेदवार तीन महिन्यांनी येणार आणि मधल्या काळात त्याला दुसरीकडून जास्त पगाराचा देकार आला तर कदाचित येणारही नाही, ही धास्ती भरती करणाऱ्यांना कायम असते. ज्याची जागा आज रिकामी आहे आणि काम तुंबले आहे, त्या व्यवस्थापकासाठी ठरलेल्या तारखेला हजर होणारा माणूस फार मोलाचा असतो. जी गोष्ट आपल्याला उणेपणाची वाटते, तीच त्याच्या बाजूने पाहिली तर सोयीची असते.

आणखी एक गोष्ट लिहिण्याआधीच उरकावी. घरच्यांना आणि जवळच्या नातेवाइकांना आपण स्वतः सांगावे. पोस्ट सर्वांना दिसते. ती एखाद्या भाच्याच्या नजरेस पडून तीच बातमी सासरी फोनवरून पोहोचली, तर त्यातून निघणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देण्यात ज्या दिवशी मन पोस्टवर असायला हवे तोच दिवस जातो.

पोस्ट कोणासाठी लिहायची

माझ्या बहिणीने मसुदा लिहिला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तिच्या विभागातील मैत्रिणी होत्या. त्यांना तिचे काम ठाऊक होते, त्यामुळे ते लिहिण्याची गरज तिला वाटली नाही. परंतु त्या मैत्रिणींची नोकरीही त्याच दिवशी गेली होती आणि त्यांच्या ओळखी बऱ्याच अंशी तिच्याच ओळखी होत्या.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील एका लहान पाहणीचे निष्कर्ष मांडले होते. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांना त्या ओळखीच्या माणसाशी त्या काळात किती वेळा भेट होत असे, हे त्यांनी विचारले. वारंवार भेट होत असे असे सांगणारे सुमारे १७ टक्के होते, निम्म्याहून अधिक जणांची भेट अधूनमधून होत असे आणि सुमारे २८ टक्क्यांची क्वचितच. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी मिळवून देण्यात अगदी घट्ट संबंधांपेक्षा मध्यम सैल ओळखी अधिक उपयोगी पडल्याचे दिसले. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, तर नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते.

म्हणून पोस्ट लिहिताना एखादा अर्धवट ओळखीचा माणूस डोळ्यांसमोर आणावा. आम्ही तिच्यासाठी असा माणूस निवडला, तो म्हणजे सहा वर्षांपूर्वी तिच्या कंपनीचे कंटेनर वाहून नेणारा एक वाहतूकदार. त्याला तिचा चेहरा आठवत होता, पण तिचे पद आठवत नव्हते. त्या माणसाला जे सांगावे लागेल ते सगळे पोस्टमध्ये हवे आणि ज्याच्याशी त्याचे देणेघेणे नाही ते त्यात नको, ही आमची कसोटी ठरली.

आधी मराठीत बोलावे, मग लिहावे

माझा अनुभव असा आहे की असा मजकूर थेट इंग्रजीत लिहायला घेतला की "जड अंतःकरण", "सुंदर प्रवास", "नवी क्षितिजे" ही तयार वाक्ये आपोआप बोटांतून उतरतात. इंग्रजीत ती इतक्यांदा वाचलेली असतात की लिहिणाऱ्याला ती आपलीच वाटू लागतात. म्हणून मी तिला म्हटले, "तू मला फोनवर मराठीत सांग, तू दिवसभर काय करायचीस?" ती म्हणाली, "अगं, जहाज लागायच्या आधी इम्पोर्टरकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग मागवायचं, मालाच्या वर्गीकरणाचा एचएस कोड बरोबर लावलाय का ते बघायचं, कस्टम्सला द्यायची बिल ऑफ एंट्री भरून घ्यायची, आणि कस्टम्सनं क्वेरी काढली की त्याचं उत्तर द्यायचं. हे वेळेत झालं नाही तर कंटेनर पडून राहतो आणि इम्पोर्टरला भुर्दंड बसतो." या तीस सेकंदांत तिच्या मसुद्यातील आठ ओळींपेक्षा जास्त माहिती होती. आम्ही हेच बोलणे लिहून काढले आणि त्यावरून पोस्ट बांधली. तिच्या क्षेत्रात भरती करणारे इंग्रजीत वाचतात, म्हणून शेवटचा मजकूर इंग्रजीत गेला. पण पाया मराठीतला राहिल्यामुळे तो साधा आणि तिचाच राहिला.

पहिल्या दोन ओळी

लिंक्डइनवर पोस्ट ३,००० अक्षरांपर्यंत लिहिता येते, परंतु वाचणाऱ्याला सुरुवातीला फक्त पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात आणि बाकीचा मजकूर उघडून पाहावा लागतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडदा सरकवणारा माणूस तो उघडेलच याची खात्री नसते. म्हणून काम, ठिकाण, अनुभव आणि तारीख या चारही गोष्टी पहिल्या दोन ओळींतच याव्यात. नोकरी गेल्याची बातमी तिथे नको, कारण ती वाचून त्याला करण्यासारखे काही मिळत नाही. कोणते काम हवे आहे हे वाचून मात्र मिळते.

याच ओळींमध्ये ठळक दिसण्यासाठी वेगळ्या वळणाची सजावटी अक्षरे वापरू नयेत. ती दिसायला अक्षरांसारखी असली तरी संगणकाच्या लेखी निराळी चिन्हे असतात, त्यामुळे शोधात ती बहुधा सापडत नाहीत आणि दृष्टिहीन व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणाली त्यांवर अडखळतात.

कारण एका वाक्यात

नोकरी का गेली हे लपवू नये आणि लांबवूही नये. कारण सांगितलेच नाही तर वाचणारा स्वतःच तर्क करतो, आणि तीन परिच्छेद लिहिले तर कुठेतरी कडवटपणा उमटतो. काय बंद झाले आणि किती जणांवर परिणाम झाला, एवढे एका वाक्यात आले की पुरे. "पुनर्रचनेचा फटका बसला" या शब्दांतून काहीच कळत नाही. "कंपनीने मुंबईतील आयात विभाग चेन्नईच्या कार्यालयात विलीन केला आणि विभागातील सर्व जागा रद्द झाल्या" या वाक्यातून मात्र हा निर्णय तिच्या कामगिरीमुळे झाला नाही हे न सांगता समजते. हे कारण लिहिताना कंपनीने जाहीर न केलेले आकडे, ग्राहकांची नावे किंवा पुढे कोणाच्या जागा जाणार आहेत असे अंदाज लिहू नयेत. आपल्या एकट्याचीच जागा गेली असेल, तर "माझी जागा रद्द करण्यात आली" एवढेच लिहावे आणि सर्वांची गेली असे भासवू नये, कारण पूर्वीच्या सहकाऱ्याला एक फोन केला की ते कळते.

कामाचे वर्णन आणि आकडे

इथे आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. तिने पहिल्यांदा लिहिले, "आयात खर्चात ४० टक्के बचत केली." मी विचारले, हा आकडा कुठून आला? तो तिच्या व्यवस्थापकाच्या एका सादरीकरणात होता आणि त्यात नेमके कोणते खर्च धरले होते हे तिलाही सांगता येईना. जो आकडा मुलाखतीत उलगडून दाखवता येत नाही तो पोस्टमध्ये घालू नये, कारण मुलाखत घेणारा नेमका त्यावरच बोट ठेवतो.

मग आम्ही तिला स्वतःला पक्के आठवणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात केली. तिच्या गटाकडून रोज आठ ते दहा बिल ऑफ एंट्री जात आणि महिन्यात कामाचे दिवस २२ ते २४ असत, म्हणजे महिन्याला साधारण २०० हा आकडा निघाला. जहाज लागण्याआधी कागद तपासून घेण्याची पद्धत तिने बसवली होती आणि त्यामुळे माल सुटायला पूर्वी सरासरी पाच दिवस लागत ते तीनवर आले होते. हे पाच आणि तीन ती दर सोमवारच्या बैठकीत स्वतः सांगत असे, त्यामुळे ते कसे मोजले जात हे तिला अचूक ठाऊक होते. या क्षेत्रातील माणसाला या दोन आकड्यांचा अर्थ कळतो, कारण कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त अडकला की दिवसागणिक शुल्क वाढत जाते.

आकडे आठवत नसतील तर ते मिळवण्यासाठी कंपनीची कोणतीही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नये. कामाचे स्वरूप शब्दांत नेमके सांगितले तरी पुष्कळ असते. "मेहनती", "जबाबदार" ही विशेषणे मात्र सगळी काढून टाकावीत. ती दुसऱ्याने आपल्याविषयी वापरायची असतात.

मागणी कशी करावी

"कोणतीही संधी चालेल" हे वाक्य लिहिणाऱ्याला नम्रपणाचे वाटते, पण शब्द टाकणाऱ्याची त्यामुळे अडचण होते. तो आपल्या साहेबाकडे जाऊन "एक बाई आहेत, त्यांना काहीही चालेल" असे म्हणू शकत नाही, कारण त्यात त्याचेही वजन खर्च होते. म्हणून पदाची दोन-तीन नावे, कोणत्या प्रकारच्या कंपन्या आणि कोणते भाग हे स्पष्ट लिहावे. मुंबईच्या बाबतीत भाग लिहिणे फार गरजेचे आहे. डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, वाशी किंवा बेलापूर गाठणे तिला रोज जमण्यासारखे होते. अंधेरीला जाण्याचीही तिची तयारी होती, पण पालघर किंवा भिवंडीतील गोदामांत रोज जाणे शक्य नव्हते. हे आधीच लिहिल्यामुळे निष्फळ ठरणारे फोन टळतात.

मागणीतला स्वाभिमान शब्दांच्या ताठरपणातून येत नाही. समोरच्याला संकोचाशिवाय नाही म्हणता येईल एवढी जागा ठेवली की तो आपोआप येतो. "मला नोकरी लावून द्या" या विनंतीला बहुतेकांकडे नकाराशिवाय उत्तर नसते आणि नकार देणे जिवावर येते म्हणून ते गप्प राहतात. "आयात विभागाची भरती कोण पाहते, त्यांचे नाव कळवाल का" ही विनंती दोन मिनिटांत पुरी होते, आणि नाव ठाऊक नसल्यास "मला माहीत नाही" असे सहज सांगताही येते. गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी, घरातील आजारपण यांचा उल्लेख करू नये, असे माझे ठाम मत आहे. या गोष्टी खऱ्या असतात आणि जवळच्या माणसांशी त्या बोलाव्यातच. पण जाहीर मजकुरात त्या आल्या की वाचणाऱ्याच्या मनात कामाचा विचार मागे पडून दयेचा पुढे येतो आणि पुढे पगाराच्या बोलणीत आपली अडचण समोरच्याच्या हातात राहते. पगाराचा आकडाही पोस्टमध्ये लिहू नये. पूर्वीचा पगार आणि अपेक्षित पगार या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र वहीत लिहून ठेवावीत, कारण पहिल्याच फोनवर ती विचारली जातात.

तयार झालेली पोस्ट

या सगळ्यानंतर जो मजकूर उभा राहिला तो मराठीत असा आहे. प्रत्यक्षात "माझ्या कंपनीने" या जागी कंपनीचे नाव होते.

"नवी मुंबई, ठाणे किंवा मुंबईत आयात दस्तऐवज विभागातील काम शोधत आहे. न्हावा शेवा बंदरातील आयातीचा ९ वर्षांचा अनुभव. १ जुलैपासून रुजू होऊ शकते.

माझ्या कंपनीने मुंबईतील आयात विभाग चेन्नईच्या कार्यालयात विलीन केला आणि विभागातील सर्व जागा रद्द झाल्या. माझा शेवटचा दिवस ३० जून आहे.

गेली चार वर्षे मी सहा जणांच्या गटाचे काम पाहत होते. महिन्याला साधारण २०० बिल ऑफ एंट्री आमच्याकडून जात. जहाज लागण्याआधीच कागदपत्रे तपासण्याची पद्धत आम्ही बसवली आणि माल सुटण्याचा सरासरी काळ पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आला. रसायने आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्या वर्गीकरणाविषयी कस्टम्सकडून येणाऱ्या शंकांना उत्तरे देणे हे माझे मुख्य काम होते.

फ्रेट फॉरवर्डर, कस्टम्स ब्रोकर किंवा स्वतः आयात करणारी उत्पादक कंपनी, यांपैकी कुठेही आयात विभागाची सहायक व्यवस्थापक किंवा व्यवस्थापक म्हणून काम करण्याची इच्छा आहे. बेलापूर, वाशी, ऐरोली, ठाणे आणि अंधेरी येथे रोज येऊ शकते.

तुमच्या ओळखीत आयात विभागाची भरती पाहणारे कोणी असेल, तर ही पोस्ट त्यांना पाठवावी किंवा त्यांचे नाव मला संदेशातून कळवावे. सध्या जागा आहे की नाही हे ठाऊक नसले तरी चालेल. सीव्ही मागितल्यास त्याच दिवशी पाठवेन."

ही पोस्ट टाकण्यापूर्वी तिने एक चाचणी घेतली. शेजारच्या काकूंना, ज्यांचा या क्षेत्राशी काहीही संबंध नाही, ती एकदा वाचून दाखवली आणि चहा झाल्यावर विचारले, "काकू, मी काय काम करते, सांगा बरं?" काकू म्हणाल्या, "जहाजातून येणाऱ्या मालाचे कागद बघतेस, नऊ वर्षं. एक तारखेपासून मोकळी आहेस." एवढे आठवले म्हणजे पोस्ट तयार झाली. यातले काही सुटले असते, तर दोष काकूंच्या स्मरणशक्तीचा नव्हे तर मजकुराचा धरून आम्ही तो पुन्हा लिहिला असता.

टाकण्याच्या दिवशी

पोस्ट टाकण्याआधी प्रोफाइल नीट करावे, कारण पोस्ट आवडलेला माणूस पुढे तिथेच जातो. नावाखालच्या ओळीत "संधीच्या शोधात" एवढेच न लिहिता कामाचे नाव आणि क्षेत्र लिहावे, कारण भरती करणारे कामाच्या नावाने शोध घेतात. Open to Work या सोयीत दोन पर्याय असतात: Recruiters only आणि All LinkedIn members. दुसऱ्या पर्यायात छायाचित्राभोवती हिरवी चौकट येते. एकदा जाहीर पोस्ट टाकली की लपवण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे चौकट ठेवावी की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. तिथे पदांची नावे आणि ठिकाणे नीट भरणे मात्र टाळू नये. पोस्ट कोणाला दिसावी या जागी Anyone निवडावे, अन्यथा ती ओळखीच्या वर्तुळाबाहेर जात नाही आणि आपल्याला हवी असलेली माणसे तर त्या वर्तुळाबाहेरच असतात.

पोस्टमध्ये कोणाचे नाव जोडायचे असल्यास आधी विचारावे. न विचारता पंधरा जणांची नावे जोडली की त्या पंधरा जणांना सूचना जाते आणि त्यांच्यावर जाहीरपणे भीड पडते. फोन क्रमांक पोस्टमध्ये लिहू नये, मेल पुरतो. ज्या सकाळी पुढचे तीन-चार तास मोकळे असतील त्याच सकाळी पोस्ट टाकावी, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक प्रतिसादाला वेळेवर उत्तर देता येते. अनेक जण खाली फक्त CFBR लिहितात. पोस्ट अधिक लोकांपर्यंत जावी म्हणून केलेली ती टिप्पणी असते, आणि तिलाही आभाराची एक ओळ द्यावी.

नंतरचे दिवस

त्याच दिवशी अशा वीस-पंचवीस जणांना वेगळा संदेश पाठवावा ज्यांच्याशी कधीतरी काम पडले होते, आणि त्यात प्रत्येकाला उद्देशून निदान एक वाक्य असावे. आलेले प्रत्येक नाव, ते कोणी दिले, कधी बोलणे झाले आणि पुढे काय ठरले, हे वहीत लिहावे. ज्याने नाव दिले त्याला, काम झाले नाही तरी, "त्यांच्याशी बोलणे झाले, सध्या जागा नाही" असे कळवावे. हे बहुतेक जण विसरतात. मग त्या माणसाला आपला शब्द वाया गेला असे वाटते आणि दुसऱ्यांदा तो टाकत नाही.

पोस्टनंतर चौथ्या दिवशी माझ्या बहिणीला एक संदेश आला, की तळोज्यातील एका रसायन कंपनीत तुमचे नाव पोहोचले आहे. तो शब्द त्याच वाहतूकदाराने टाकला होता. त्याने व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेली ओळ तिला नंतर पाहायला मिळाली: "न्हावा शेवाचे इम्पोर्ट डॉक्युमेंट्स बघणाऱ्या मॅडम, ९ वर्षे, १ जुलैपासून फ्री." पगार जुळला नाही म्हणून ती नोकरी झाली नाही. पण तिथल्या व्यवस्थापकाने तिचा सीव्ही वाशीतील एका कस्टम्स ब्रोकरकडे पाठवला आणि ऑगस्टमध्ये ती तिथे रुजू झाली.

याच काळात तिला तीन फसवे संदेशही आले. ते ओळखण्याच्या खुणा अशा: मुलाखत न घेताच निवड झाल्याचे सांगणे, बोलणे लगेच टेलिग्रामवर नेणे आणि नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत मागणे. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. आधार आणि पॅनच्या प्रतीही लेखी देकार हातात येऊन कंपनीची खातरजमा होईपर्यंत देऊ नयेत. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी.

तीन आठवड्यांत काही हालले नाही तर तीच पोस्ट पुन्हा टाकू नये. काय बदलले तेवढेच लिहावे, उदाहरणार्थ शेवटचा दिवस होऊन गेला आहे आणि आता कोणत्याही दिवशी रुजू होता येईल, किंवा आणखी एका भागात काम करण्याची तयारी आहे. दूरध्वनी येतात पण पहिल्या बोलण्यानंतर थांबतात, असे होत असेल तर दोष पोस्टमध्ये नसून अपेक्षित पगारात किंवा सीव्हीमध्ये शोधावा. दूरध्वनीच येत नसतील तर पहिल्या दोन ओळी पुन्हा लिहाव्यात.

नोकरी मिळाल्यावर मूळ पोस्ट काढून टाकू नये. तिचा मजकूर नंतरही बदलता येतो, म्हणून सर्वांत वर "ऑगस्टमध्ये रुजू झाले आहे, शब्द टाकणाऱ्या सर्वांची आभारी आहे" अशी एक ओळ घालावी आणि Open to Work बंद करावे. माझ्या बहिणीने ही ओळ रुजू झाली त्या दिवशी घातली नव्हती. सप्टेंबरमध्ये एका जुन्या सहकाऱ्याने तिच्यासाठी आपल्या साहेबांकडे शब्द टाकला आणि ती आधीच रुजू झाल्याचे त्याला त्यांच्याकडूनच कळले. तिने त्याच संध्याकाळी त्याला फोन करून माफी मागितली आणि ठाण्याच्या फलाटावर उभी असतानाच ती ओळ घातली.